चार ओळींत मावलेलं शेततळं

शुक्रवार, रात्र

जर्मनीतल्या त्या प्राध्यापकांना पीएचडीबाबत पाठवायच्या मेलचा मसुदा आज मॅडमना दाखवला. पाऊण पान होता. त्यांनी पेन उचललं, पहिल्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "लहानपणापासून पाण्याची ओढ होती, हे त्यांना कशाला? तुझा प्रश्न कुठाय ते दाखव." मी दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, "पुरंदर तालुक्यातील शेततळी व भूजल यांचा अभ्यास करण्याची इच्छा आहे." मॅडम म्हणाल्या, "हा विषय झाला. याला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं का?" येत नव्हतं.

दुसरी रेघ "आपले शोधनिबंध मोठ्या आवडीने वाचले" या वाक्यावर पडली. कुठला, असं त्यांनी विचारलं. मी दोन निबंधांचे सारांश तेवढे वाचले होते, ते कबूल केलं. मॅडम रागावल्या नाहीत. "एक तरी पूर्ण वाच, आणि तुझ्या गावात तो कुठे लागू पडत नाही ते लिही," एवढंच म्हणाल्या. घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात होतं.

शनिवार

निबंध वाचायला दुपार गेली. सिंचनासाठी उपसलेल्या पाण्यातलं किती पाणी परत जमिनीत मुरतं, हे पाण्याच्या समस्थानिकांवरून ओळखायची त्यांची पद्धत आहे. गाभा सोपा आहे. पाण्याच्या काही रेणूंत ऑक्सिजन किंवा हायड्रोजनचा जड प्रकार असतो. बाष्पीभवन होताना हलके रेणू आधी उडतात, त्यामुळे मागे राहिलेलं पाणी किंचित जड होत जातं. जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, आडव्या अक्षावर आणि जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, उभ्या अक्षावर मांडलं, तर जगभरच्या पावसाचे बिंदू साधारण ८ चढाच्या रेषेवर येतात. उन्हात पडून राहिलेलं पाणी त्या रेषेवरून उजवीकडे सरकतं आणि त्याची रेषा चपटी, बहुधा ४ ते ६ चढाची होते. उन्हात तापलेल्या पाण्यावर ही खूण उमटते, आणि ते जमिनीत मुरलं तरी पुसली जात नाही.

त्यांचं काम वाळू-गाळाच्या थरांतलं आहे. तिथे पाणी सगळीकडून सारखं झिरपतं. आमच्याकडे दख्खनचा काळा पाषाण. वर मुरूम, त्याखाली सच्छिद्र थर, मग घट्ट खडक, आणि त्यात पाणी फटींतूनच वाहतं. दोन शेजारच्या विहिरींत एकीला भर उन्हाळ्यात पाणी असतं आणि दुसरी कोरडी पडते, हे मी प्रबंधासाठी चौदा विहिरींची पातळी मोजताना पाहिलं आहे. म्हणजे त्यांचं गणित इथे जसंच्या तसं बसणार नाही. मॅडमना हवं होतं ते वाक्य इथेच होतं.

रविवार, सासवडजवळ, काकांकडे

काकांचं शेततळं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, खाली प्लास्टिक अंथरलेलं. बाजू उतरत्या असल्यामुळे पूर्ण भरलं तर सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी राहतं. गावात नवख्या माणसाला वाटतं की हे पावसाच्या पाण्याचं तळं आहे. खरं म्हणजे यातलं बरंचसं पाणी पावसाळ्यानंतर बोअरवेलमधून उपसून भरलेलं असतं, कारण मार्चमध्ये बोअर आटली तरी अंजीर आणि सीताफळाची बाग जगली पाहिजे. खडकातलं झाकलेलं पाणी आपण वर काढून उन्हात ठेवतो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तळ्यावरची मोटर जळाली होती. सतरा दिवस तळ्यात पाणी सोडलं नाही आणि काढलंही नाही, बाग थेट विहिरीवर चालली. मी तळ्यात खुणा केलेली बांबूची काठी रोवली. "काय गं, ही काठी कशाला?" असं काकांनी विचारलं, तेव्हा सांगितलं, तळं किती उडतंय ते बघायचंय. पण पातळी उतरली म्हणजे सगळं उडालंच असं होत नाही, प्लास्टिक फाटलं असेल तर गळतंही. म्हणून एक प्लास्टिकचा टब पाण्याने भरून, काठ पाण्याच्या थोडा वर राहील असा, त्याच तळ्यात तरंगत ठेवला. ऊन आणि वारा दोघांनाही सारखाच, मात्र टब गळत नव्हता. सतरा दिवसांनी काठीवर पाणी ११ सेंटिमीटर उतरलं होतं आणि टबात १०. म्हणजे गळती नावापुरती आणि बाकी सगळं बाष्पीभवन, दिवसाला सुमारे ६ मिलिमीटर.

तळं तेव्हा काठापर्यंत भरलेलं नव्हतं, पाण्याचा पृष्ठभाग ८०० चौरस मीटरच्या आसपास होता. ८०० गुणिले ०.१ म्हणजे ८० घनमीटर. दहा हजार लिटरचे आठ टँकर सतरा दिवसांत हवेत गेले. काकांनी हा हिशोब ऐकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि मी टँकर विकत घेतो गं, मे महिन्यात."

हे वाक्य मेलमध्ये घालायचा मोह होतोय. घालणार नाही. पण हा आकडा मात्र जाईल, तो मी स्वतः मोजलाय.

सोमवार, उशिरा

आज प्रश्न सापडला, असं वाटलं होतं. बागेला ठिबकने दिलेलं पाणी उन्हात जड झालेलं असतं. त्यातलं काही मुळांखाली मुरून परत उथळ विहिरीत येत असेल, तर विहिरीच्या पाण्यात ती खूण दिसायला हवी. ती दिसते का, आणि दिसली तर त्या खुणेवरून परत आलेल्या पाण्याचा वाटा काढता येतो का? याला हो-नाही असं उत्तर देता येतं. चार ओळी लिहिल्या आणि आमच्या सीनियर दादाला वाचायला पाठवल्या.

अर्ध्या तासात त्याचा फोन आला. "वरच्या अंगाला पाझर तलाव आहे ना? त्याचं पाणीही उन्हात पडून असतं आणि मग मुरतं. विहिरीत जड पाणी सापडलं तर ते तळ्याचं की तलावाचं, कसं सांगशील?"

मला उत्तर देता आलं नाही. पाऊण पानाच्या मसुद्यात हा प्रश्न कुणाला दिसला नव्हता, मलाही नाही. तिथे "भूजल", "शाश्वत", "समग्र" असे शब्द इतके होते की त्याखाली काय आहे ते दिसतच नव्हतं. चार ओळींत लिहिल्यावर भोक लगेच दिसलं. आधी वाईट वाटलं, मग नकाशा काढून बसले.

फक्त समस्थानिकांनी हे सुटत नाही. तलावातला पाऊस आणि बोअरचं पाणी मुळात एकाच मोसमाचं, त्यामुळे दोन्ही रेषा जवळपास एकाच जागेवरून निघतील. पण बागेतून मुरलेल्या पाण्यात खतांतलं नायट्रेट उतरतं, आणि तलावाच्या पाण्यात ते तितकं नसतं. शिवाय काकांच्या पलीकडच्या टेकाडाला एक छोटा ओढा आहे, त्याच्या वरच्या अंगाला तलावच नाही, शेततळी मात्र सात आहेत. मोजमाप तिथे करायचं. आणि ठिबकमुळे फारच थोडं पाणी मुरत असेल, तर खूण इतकी पुसट येईल की यंत्राच्या चुकीत बुडून जाईल. तेही लिहायचं ठरवलं. लपवून ठेवलं तर ते पहिल्याच उत्तरात विचारतील.

मंगळवार

मेल इंग्रजीत गेला. माझ्यासाठी मराठीत उतरवून ठेवते.

विषय: पीएचडीबाबत विचारणा, बेसॉल्टमधील शेततळ्यांचं पाणी भूजलात परत येतं का

"आदरणीय प्राध्यापक (आडनाव),

मी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. प्रबंधासाठी पुरंदर तालुक्यातल्या १४ विहिरींची पातळी आणि विद्युतवाहकता पावसाळ्याआधी व नंतर मोजली. पुढच्या वर्षापासून आपल्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करता येईल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.

आमच्याकडे शेतकरी बोअरवेलचं पाणी उघड्या, प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांत साठवून उन्हाळ्यात बागांना देतात. एका तळ्यात मी एप्रिलमध्ये दिवसाला सुमारे ६ मिमी बाष्पीभवन मोजलं. माझा प्रश्न असा: या पाण्यावर उमटलेली समस्थानिकांची खूण खालच्या उथळ विहिरींत दिसते का, आणि त्यावरून परत मुरलेल्या पाण्याचा वाटा काढता येतो का? पाझर तलावांची खूणही अशीच असते, म्हणून वर तलाव नसलेलं एक छोटं पाणलोट निवडून नायट्रेटही सोबत मोजायचा विचार आहे. ठिबकमुळे परतावा फार कमी असल्यास खूण ओळखू येणार नाही, ही मोठी अडचण मला दिसते.

आपली पद्धत गाळाच्या थरांसाठी आहे. भेगाळ खडकात मिश्रण एकसारखं होत नसल्याने ती कशी बदलावी लागेल, हे शिकायचं आहे. समस्थानिकांचं मोजमाप मी अजून स्वतः केलेलं नाही. आपली संमती असल्यास जर्मनीच्या डाड शिष्यवृत्तीसाठी अर्ज करेन. दोन पानांचा बायोडाटा सोबत जोडला आहे."

एवढंच. "रिस्पेक्टेड सर" काढून आडनाव लिहिलं आणि ते तीनदा तपासलं. आमच्या वर्गातल्या एकीने मागे एकच मजकूर बऱ्याच जणांना पाठवला होता आणि एका मेलमध्ये दुसऱ्याच प्राध्यापकांचं नाव राहून गेलं होतं. तिला त्याचं किती लागलं, ते मी पाहिलंय. मी एकालाच पाठवला. मोजमाप स्वतः केलेलं नाही हे वाक्य दादा काढ म्हणत होता. मी ठेवलं, कारण मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते कळणारच.

दुपारी साडेबाराला पाठवला, तिकडे सकाळचे नऊ.

गुरुवार

उत्तर आलेलं नाही. काकांचा सकाळी फोन आला, तळं या आठवड्यात अर्ध्यावर येईल म्हणाले. अर्ध्यावरचं पाणी आतापर्यंतचं सगळ्यात जड असणार, ते हातचं जाऊ द्यायचं नाही. मॅडमकडून ५० मिलीच्या वीस बाटल्या घेतल्या. बाटली पाण्याखाली धरूनच भरायची आणि तिथेच झाकण लावायचं, आत बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर पाणी त्या पोकळीत उडतं आणि बाटलीतलं पाणी तळ्यापेक्षा जड दाखवतं. मग झाकणाला टेप, वर तारीख, वेळ आणि विहिरीचा नंबर. उद्या सहाच्या एसटीने निघते, ऊन चढायच्या आत ओढ्याकाठच्या पहिल्या तीन विहिरी व्हायला हव्यात.