नंबर तोच, कंपनी दुसरी: पोर्टिंगचा माझा अनुभव

पुण्यात घर बदललं आणि नव्या फ्लॅटमध्ये माझ्या पोस्टपेड नंबरला रेंज मिळेना. बोलायचं तर बाल्कनीत जायचं. नंबर सगळ्या बँकांना जोडलेला, तो सोडणं शक्यच नव्हतं.

दुकानात जाण्याआधी शेजाऱ्यांच्या फोनवरून घरभर फिरून बघितलं. कंपनीचा कव्हरेज नकाशा रस्त्यावरची रेंज सांगतो, आपल्या स्वयंपाकघराची नाही. ज्या कंपनीवर तिथूनही नीट बोलता आलं, ती ठरवली.

मग `PORT`, एक स्पेस आणि दहा आकडी नंबर असा मेसेज 1900 वर पाठवला. उत्तरात पोर्टिंगसाठी लागणारा कोड नाही, नकार आला. नकाराचं कारणही त्यातच असतं. माझं होतं थकबाकी. निघालेलं बिल भरलेलं नसेल तर कोड मिळत नाही. नंबर घेऊन किंवा आधीचं पोर्टिंग होऊन 90 दिवस झाले नसतील, किंवा नाव बदलण्याचा अर्ज अडकलेला असेल, तरीही नाही. 2024 च्या जुलैपासून आणखी एक अट आली आहे: सिम हरवून नवीन घेतलं असेल तर 7 दिवस थांबावं लागतं. चोरीच्या सिमवरून नंबर पळवणाऱ्यांना त्यामुळे आळा बसतो.

बिल भरलं, ती नोंद त्यांच्याकडे चढू दिली आणि पुन्हा मेसेज केला. या वेळी आठ अक्षर-अंकांचा यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा तोच कोड, आला. आपल्याकडे तो 4 दिवस चालतो, त्यामुळे वेळ काढून ठेवूनच मागवावा. फोनवर कोणी विचारला तर अजिबात सांगू नये. आधार घेऊन दुकानात गेलो, कोड दिला, नवं सिम घेतलं. सिम ज्याच्या नावावर असेल त्यानेच जावं लागतं. वडिलांच्या नावावरचा नंबर मुलगा परस्पर नेऊ शकत नाही.

एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात, 3 कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये 5. मुंबईचं सर्कल वेगळं आहे, पुणे मात्र गोव्यासकट महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं. रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, म्हणून शुक्रवारी अर्ज केला तर जास्त वाट बघावी लागते. तोवर जुनं सिम चालू असतं. विचार बदलला तर अर्ज केल्यापासून 24 तासांत `CANCEL` आणि नंबर 1900 वर पाठवता येतो.

नेटवर्क बदलताना काही तास फोन बंद राहू शकतो. त्या दिवशी ओटीपी लागणारं काम ठेवलं नव्हतं. जुन्या सिमची रेंज गेली, नवं घातलं, लगेच फोन लागला. प्रीपेडवाल्यांनी मात्र रिचार्ज संपत आल्यावरच जावं, कारण उरलेले दिवस आणि बॅलन्स नव्या कंपनीत येत नाहीत.

पोस्टपेडचा हिशेब इथे संपत नाही. मागच्या बिलानंतर वापरलेल्या दिवसांचं शेवटचं बिल नंतर आलं. ते थकवलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून नंबर बंद करवू शकते. म्हणून ते भरून पावती ठेवली आणि मगच बँकेतला ऑटो-पे काढला.