तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ए येगादो’ की ‘येगे’?

“स्पॅनिशच्या पुस्तकात ‘आज सकाळी मी नाश्ता केला’ याला ‘ए देसायुनादो’ दिलंय. ऑफिसातला मेक्सिकन सहकारी मात्र ‘देसायुने’ म्हणतो. मग बरोबर काय?”

दोन्ही बरोबर. तुमचं पुस्तक बहुधा स्पेनमध्ये छापलेलं आहे. माद्रिदच्या आसपास जो काळ अजून संपलेला नाही, म्हणजे आज, या आठवड्यात, या वर्षी, त्यातल्या गोष्टीला ‘आबेर’ या सहायक क्रियापदाचं रूप आणि पुढे कृदन्त लावतात. काल म्हटलं की साधा भूतकाळ. मेक्सिकोत सकाळचा नाश्ता उरकला म्हणजे उरकला. तो आजचा की कालचा, याने क्रियापद बदलत नाही.

हा फरक कुठून आला, हे लॅटिनकडे पाहिलं की उमगतं. ‘आबेर’ म्हणजे मुळात जवळ असणे. ‘माझ्याकडे लिहिलेली पत्रं आहेत’ अशी ती रचना होती. बोलणं वर्तमानाबद्दलच होतं. हळूहळू तिचा अर्थ ‘मी पत्रं लिहिली आहेत’ असा झाला आणि पुढे तिने साध्या भूतकाळाच्या हद्दीत पाय टाकला. बोली फ्रेंचमध्ये तर तिने तो काळ जवळपास हुसकावूनच लावला. स्पॅनिशमध्ये ही सरकासरक प्रत्येक प्रदेशात वेगवेगळ्या ठिकाणी थांबली. माद्रिद बरंच पुढे गेलं, मेक्सिको अलीकडे राहिलं. भाषेचे इतिहासकार सांगतात की 16व्या शतकात ही भाषा अमेरिका खंडात पोहोचली तेव्हा ‘आज’चा माद्रिदी नियम अजून पक्का झाला नव्हता. स्पेनमध्येही तो सगळीकडे नाही. गालिसिया आणि आस्तुरियासमध्ये लोक ‘देसायुने’च्याच बाजूचे, कारण तिथल्या स्थानिक भाषांमध्ये ‘आबेर’ची ही रचनाच नाही. कॅनरी बेटांवरही तेच ऐकू येतं.

मेक्सिकोत ही रचना मेलेली मात्र नाही, आणि आपले विद्यार्थी इथेच अडखळतात. समजा, बिल यायचं आहे. माद्रिदचा माणूस विचारेल, ‘आ येगादो या ला फाक्तूरा?’ मेक्सिकन विचारेल, ‘या येगो ला फाक्तूरा?’ पण आलेलं नसेल, तर उत्तर दोघांचंही एकच: ‘नो आ येगादो’. वाट पाहणं अजून चालू आहे, म्हणून मेक्सिकन माणूसही इथे ‘आबेर’ घेतो. तोच ‘नो येगो’ म्हणाला, तर त्याने विषय बंद केला: आलं नाही, आता येणारही नाही. ब्युनोस आयर्समध्ये मात्र ‘तोदाबीया नो येगो’ म्हणजे ‘अजून आलं नाही’, इतकंच. अर्जेंटिनाच्या क्लायंटचं ‘नो येगो’ ऐकून ऑर्डर रद्द करायला धावू नका.

आता रूपांचं. ‘आबेर’ची सहा रूपं पाठ होतात: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. कृदन्ताला -आदो किंवा -ईदो. त्रास देतात ती अनियमित: आसेरचं एचो, देसीरचं दीचो, एस्क्रीबीरचं एस्क्रीतो, बेरचं बीस्तो, पोनेरचं प्वेस्तो, बोल्बेरचं ब्वेल्तो, आब्रीरचं आब्येर्तो, रोम्पेरचं रोतो, मोरीरचं म्वेर्तो. ही लॅटिनमधून झिजत आलेली जुनी रूपं. रोजच्या तोंडात असल्याने ती नव्या साच्यात बसली नाहीत. आपल्या ‘करणे’चं ‘केलं’ आणि ‘जाणे’चं ‘गेलं’ याच जातीचं. (म्वेर्तो आणि ‘मेला’ तर फार लांबून का होईना, सख्खे नातेवाईक आहेत.) एक शिकलात की पोटातली बाकीची फुकट मिळतात: ब्वेल्तोवरून देब्वेल्तो, प्वेस्तोवरून कोम्प्वेस्तो.

मराठी माणसाची खास चूक निराळीच. आपण ‘पत्र लिहिलं’, ‘पत्रं लिहिली’, ‘चिठ्ठी लिहिली’ असं कर्माप्रमाणे क्रियापद वळवतो. मग ‘लास कार्तास’ दिसताच हात ‘ए एस्क्रीतास’ लिहून मोकळा होतो. पण ‘आबेर’बरोबर कृदन्त हलत नाही: ‘ए एस्क्रीतो लास कार्तास’. गंमत म्हणजे मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ते हलायचं. रचनेतला ‘जवळ आहे’ हा अर्थ तेव्हा पुरता मावळला नव्हता. आजही ‘जवळ असणे’ या अर्थाचं ‘तेनेर’ वापरलं, तर ‘तेंगो एस्क्रीतास लास कार्तास’ म्हणजे पत्रं लिहून तयार आहेत, हे अगदी शुद्ध.

तुम्ही कुणाचं अनुकरण करावं? ज्यांच्याशी रोज बोलायचं आहे त्यांचं. ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेत लॅटिन अमेरिकी स्पॅनिशही चालतं. माझा आग्रह एवढाच, की एका निबंधात ‘आज मी जेवलो’ याला ‘ओय ए कोमीदो’ आणि पुढच्याच ओळीत ‘ओय कोमी’ अशी खिचडी नको. आणि माद्रिदी वळण घेतलंत तर ‘आयेर’, म्हणजे ‘काल’, हा शब्द आला की ‘आबेर’ खाली ठेवायचं.

फक्त ‘लॅटिन अमेरिका म्हणजे साधा भूतकाळ’ असं वहीत लिहून घेऊ नका. बोलिव्हियात, अँडीज पर्वताच्या पट्ट्यात, ‘आयेर ए येगादो’ हे सर्रास कानावर पडतं. माद्रिदचा शिक्षक त्यावर लाल रेघ मारेल, पण ला पासमध्ये कुणी मान वर करूनही पाहणार नाही.