शेजारचा पराग, आपला दाणा

“मॅडम, शेजारच्या मक्याचा पराग आमच्या गोड मक्याच्या कणसांवर पडला असेल, तर त्याचा फरक पुढच्या वर्षी ते बी पेरल्यावर दिसायला हवा. याच हंगामात, याच कणसातले दाणे कसे बिघडतील? आणि शेजारचा मकाही गोडच असेल, तर मग बिघडतीलच कसे?”

हे विचारणाऱ्यांच्या आवाजात पुष्कळदा एक आरोप असतो. बियाणे खराब निघाले आणि मी विक्रेत्याला वाचवण्यासाठी पुस्तकातले काहीतरी पुढे करते आहे, असा तो आरोप. तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या उत्तराने तो पुसला जात नाही, हे एव्हाना माझ्या लक्षात आले आहे. म्हणून एकदा सगळे सविस्तर लिहिते.

तुमच्या मनातला नियम खोटा नाही. आंब्याला तो तंतोतंत लागू पडतो. हापूसच्या मोहोरावर पायरीचा पराग पडला तरी फळाचा गर हापूसचाच राहतो, कारण गर ही फुलातल्या अंडाशयाची भिंत असते आणि ती भिंत सर्वस्वी आईच्या झाडाची असते. बापाचा अंश फक्त कोयीच्या आत असतो आणि तो आपण खात नाही. मक्याच्या दाण्यात याच्या उलट घडते. तिथे आईची भिंत म्हणजे दातांत अडकणारे पातळ साल. त्याच्या आत जो भाग आपण चावतो, ज्याचे पीठ होते आणि ज्यात चीक भरतो, तो भ्रूणपोष आईच्या शरीराचा भाग नसतो. तो आई आणि बाप यांच्या संयोगातून नव्याने जन्मलेला असतो. ज्याला तुम्ही पुढची पिढी म्हणता, ती या हंगामाच्या कणसातच वाढत असते.

कणसाची प्रत्येक मिशी एकाच दाण्याची असते. तिच्यावर परागकण पडला की तो रुजतो आणि त्याची नळी मिशीतून खाली उतरू लागते. अंडाशयापर्यंत पोचायला तिला साधारण एक दिवस लागतो. ही नळी दोन नर पेशी घेऊन येते. त्यांतली एक अंडपेशीशी एकरूप होते आणि तिच्यापासून अंकुर घडतो. दुसरी शेजारच्या मोठ्या मध्यवर्ती पेशीत शिरते. त्या पेशीत आईची दोन केंद्रके आधीच असतात. ती दोन आणि बापाचे एक मिळून गुणसूत्रांच्या तीन संचांचे केंद्रक तयार होते आणि त्यातून भ्रूणपोष वाढतो. हेच द्विफलन. वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये लिलीच्या कुळातील फुलांत ते दाखवले आणि पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये लिऑन गिन्यार यांनीही ते पाहिले. परक्या परागाने मक्याच्या दाण्याचा रंग आणि रूप त्याच हंगामात बदलते, हे लागवड करणाऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधी पाहिले होते, परंतु त्याचे कारण कोणाला सांगता येत नव्हते. ते 1899 मध्ये द फ्रीस आणि कोरेन्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच दुसऱ्या फलनात शोधले. तेव्हा तुमचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक त्याच प्रश्नापाशी अडून बसले होते.

फलनानंतर भ्रूणपोष अंकुराच्या आधी कामाला लागतो. पहिले तीन-चार दिवस त्यात फक्त केंद्रके विभागत राहतात, मधल्या भिंती उभ्याच राहत नाहीत. एकाच मोठ्या पिशवीत शेकडो केंद्रके तरंगत असतात. मग बाहेरून आत भिंती घातल्या जातात आणि पेशी वेगळ्या होतात. देठाकडच्या पेशींच्या भिंतींना आतून असंख्य घड्या पडतात. झाडाकडून आलेली साखर शोषून घेणाऱ्या पेशी त्या याच. सालालगतचा बाहेरचा थर शेवटपर्यंत जिवंत राहतो. मधल्या पेशींत साधारण दहाव्या-बाराव्या दिवसापासून स्टार्चचे कण साठू लागतात, तेही दाण्याच्या माथ्याकडून देठाच्या दिशेने. स्टार्चने गच्च भरलेल्या या पेशी पुढे मरतात. पक्व दाण्याचा पिठूळ भाग हे मेलेल्या पेशींचे कोठार असते. गोड मक्याचे कणीस आपण मिशा आल्यानंतर साधारण विसाव्या दिवशी, दाणा दुधात असताना तोडतो. म्हणजे स्टार्चची भरणी ऐन जोरात असते, त्याच वेळी.

मग गोड मका गोड का राहतो? कारण ही भरणी त्यात कुठेतरी अडलेली असते. आज सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या अतिगोड वाणांत ‘श्रंकन-2’ नावाचे जनुक निकामी असते. साखरेपासून स्टार्चची कच्ची वीट, म्हणजे एडीपी-ग्लुकोज, घडवणारे विकर त्यामुळे जवळपास तयारच होत नाही. विटाच नाहीत, म्हणून साखर साचून राहते. जुन्या गोड वाणांत मात्र ‘शुगरी-1’ हे वेगळे जनुक निकामी असते. तिथे विटा भरपूर असतात, पण स्टार्चच्या रेणूला फुटणाऱ्या जास्तीच्या फांद्या छाटणारे विकर नसते. त्यामुळे घट्ट कण बांधले जात नाहीत आणि पाण्यात विरघळणारा, दुधट, चिकट पदार्थ तयार होतो. दोन्ही मक्यांना बाजारात ‘गोड’ म्हणतात, पण त्यांतला बिघाड एक नव्हे.

आता तो प्रसंग, ज्यामुळे हे लिहायला बसले.

दोन चुलतभावांची शेते एका बांधाला लागून होती. थोरल्याने अतिगोड वाण लावला होता, धाकट्याने जुना गोड वाण. दोघांनी एकाच आठवड्यात पेरले आणि दोन्हीकडचा फुलोराही एकाच वेळी आला. तोडणीनंतर थोरल्याचा टेम्पो व्यापाऱ्याने परत पाठवला. दाणे पिठूळ लागतात, ही तक्रार होती. धाकट्याच्या मालाबद्दलही तेच ऐकू आले. मला बोलावले तेव्हा अंगणात दोघे भाऊ, त्यांची माणसे आणि बियाणे विकणारा दुकानदार, सगळे बसलेले होते. थोरले भाऊ म्हणाले, “ताई, दोघांचंही बियाणं गोडाचं होतं. आसपास दुसरा मका कुठंच नाही. मग भेसळ बियाण्यातच होती ना?”

मी शेतात गेले आणि बांधापासून आत जात ओळीओळीतून कणसे सोलून पाहिली. बियाण्यातच भेसळ असती, तर परकी झाडे शेतभर कुठेही विखुरलेली सापडली असती आणि अशा प्रत्येक झाडाच्या कणसात निम्मे किंवा त्याहूनही अधिक दाणे पिठूळ निघाले असते. बांधापासूनच्या अंतराशी त्याचा काहीच संबंध राहिला नसता. इथे चित्र निराळे होते. बांधालगतच्या जवळजवळ प्रत्येक कणसात फुगीर, अपारदर्शक दाणे होते आणि आत जावे तसे ते विरळ होत गेले. कणसावर त्यांचे पट्टे नव्हते. एक इथे, एक तिथे, ज्या मिशीवर जो पराग पडला त्याप्रमाणे. धाकट्याच्या शेतातही तीच उतरण होती, फक्त उलट दिशेने. खात्रीसाठी मी दोन्हीकडची कणसे वाळू घातली. वाळल्यावर अतिगोड दाणे आत खोल बसले, जुन्या वाणाचे दाणे काचेसारखे होऊन सुरकुतले आणि ते पिठूळ दाणे मात्र साध्या मक्यासारखे भरीव, गुळगुळीत राहिले.

कारण सरळ होते. अतिगोड वाणाकडे विटा घडवणारे जनुक नव्हते, पण छाटणी करणारे शाबूत होते. जुन्या वाणाकडे छाटणी करणारे नव्हते, पण विटा घडवणारे होते. पराग बांध ओलांडून गेला आणि प्रत्येक मिश्र दाण्यात एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. दोन गोड मक्यांच्या संयोगातून साधा, पिठूळ भ्रूणपोष तयार झाला.

कॉलेजात शिकणारा पुतण्या तेव्हा म्हणाला, “पण मॅडम, आईचे संच दोन आणि बापाचा एक. मग बहुमत आईचंच नको का?” त्या अंगणातला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. निकामी जनुक विरोध करत नाही, ते फक्त गप्प बसते. विकर बनवणारी एक चालू प्रत असली की स्टार्च भरायला ती पुरते. दोनास एक हे प्रमाण सगळीकडे असेच निष्प्रभ ठरते, असे मात्र नाही. हेज आणि ईस्ट या संशोधकांनी 1915 मध्ये टणक आणि मऊ पिठाच्या मक्यांचे दोन्ही बाजूंनी संकर करून दाखवले होते की, तिथे दाणा आईच्या बाजूनेच जातो, कारण तिच्या दोन प्रती बापाच्या एकीवर मात करतात. कोणत्या जनुकाबद्दल बोलतो आहोत, यावर उत्तर अवलंबून असते.

पुतण्याला ते पटले. थोरल्या भावांना पटले नाही. दुकानदार मात्र लगेच म्हणाला, “ऐकलंत ना? बियाण्याचा दोष नाही,” आणि उठून गेला. भरपाईचा विषय तिथेच संपला. थोरले भाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले, “तुमचं शास्त्र नेहमी त्यांच्याच कामाला येतं.”

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पूर्वी मी ठामपणे म्हणत असे की, कारण सांगणे एवढेच माझे काम, त्याचा कोण कसा उपयोग करतो हे मी ठरवू शकत नाही. मी सांगितलेले कारण खरे होते आणि आजही तेच सांगेन. जे शेतात दिसत नाही, ते कोणाच्या नुकसानीपायी मला दिसल्याचे म्हणता येणार नाही. तरीही माझे ते जुने म्हणणे आता मला पुरेसे वाटत नाही. बियाणे चांगले होते हे खरे, आणि हा वाण दुसऱ्या प्रकारच्या गोड मक्याजवळ लावू नये हे त्या दोघांना कोणीही सांगितले नव्हते, हेही तितकेच खरे. अंगणात मी पहिले सत्य मोठ्याने सांगितले. दुसरेही सांगितले, पण दुकानदार तोवर रस्त्याला लागला होता.

म्हणून तुम्ही विचारलेच आहे, तर करण्याजोगे तेवढे सांगते. शेजारी कोणताही मका असेल, गोड असो वा साधा, तर किमान 250 फूट अंतर ठेवा, किंवा दोन्ही फुलोऱ्यांत 14 दिवसांचा फरक पडेल अशा बेताने पेरा. मक्याचा पराग जड असतो आणि बहुतेक जवळच पडतो. पण वारा असला की काही कण दूर जातातच, त्यामुळे या अंतरानेही एखादा पिठूळ दाणा निघणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. शेजारी काय पेरणार आहे, हे पेरणीआधी त्याला विचारा, आणि नुसते ‘गोड’ असे उत्तर आले तर कोणत्या प्रकारचा गोड, हेही विचारा. पिशवीवर ही सूचना ठळक छापलेली नसेल, तर नुकसान झाल्यावर जबाबदारी कोणाची, यावर त्या थोरल्या भावांचे आणि माझे आजही एकमत नाही.