मी रजेवर आहे, दोन भाषांत

रजा मंजूर होते, विमानाची तिकिटं हातात येतात, गणपतीला पुण्यात पोचायचं पक्कं होतं; पण ऑटावातल्या सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाची खरी परीक्षा त्यानंतर असते. फोनवरचा निरोप आणि ईमेलचं आपोआप जाणारं उत्तर, दोन्ही इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये तयार करायचं. 1969च्या राजभाषा कायद्यापासून इथल्या केंद्र सरकारच्या दारात दोन्ही भाषा बरोबरीनं उभ्या आहेत. कचेरी ऑटावात, म्हणजे ओंटारिओत असेल तर आधी इंग्रजी, आणि नदीपलीकडे गातिनोत, म्हणजे क्वेबेकमध्ये असेल तर आधी फ्रेंच.

ईमेलचं त्यातल्या त्यात सोपं. फ्रेंच वाचणारा खालच्या परिच्छेदाकडे डोळा टाकतो. कानाला मात्र अशी उडी मारता येत नाही. फोन करणारी बाई फ्रेंचभाषक असेल, तर माझं नाव, रजेच्या तारखा, सहकाऱ्याचा नंबर, सगळं इंग्रजी पुराण तिला ऐकावं लागतं, आणि त्याच्या शेवटी फ्रेंच येणार आहे हे तिला ठाऊकच नसतं. ती मध्येच फोन ठेवते. म्हणून निरोपाच्या सुरुवातीलाच, ‘हॅलो, बाँझूर’च्या पाठोपाठ, फ्रेंचमध्ये एवढंच सांगायचं की फ्रेंच निरोप पुढे आहे. मग इंग्रजी, पण अर्ध्या मिनिटाच्या आत.

अदबीच्या बाबतीत मराठी माणसाला फ्रेंच परकी वाटत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आपल्या अंगवळणी पडलेलं. तिथे ‘त्यू’ आणि ‘वू’. अनोळखी माणसाशी ‘वू’, आणि एकच माणूस असला तरी क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीत ही सोय नाही, त्यामुळे तिथली अदब ‘प्लीज’, पूर्ण वाक्य आणि ‘हाय’ऐवजी ‘हॅलो’ यांतून आणावी लागते. गंमत अशी, की इंग्रजी मजकूर मोकळाढाकळा आणि फ्रेंच अगदी दरबारी असला, तर दोन वेगवेगळी माणसं बोलतायत असं वाटतं. मी आधी फ्रेंच लिहिते आणि इंग्रजी तिच्या उंचीला आणते. आणखी एक, पुरुष सहकाऱ्याचा मजकूर बायकांनी जसाच्या तसा उचलू नये. ‘गैरहजर’साठी तो ‘आब्साँ’ म्हणतो, आपण ‘आब्साँत’.

तारखांपाशी जरा थांबायला हवं. माझी रजा 8 ते 18 सप्टेंबर. 08/09 असं लिहिलं तर कुणी 8 सप्टेंबर वाचेल, कुणी 9 ऑगस्ट, कारण कॅनडात दोन्ही चालतं. सरकारी पद्धत 2026-09-08 अशी आहे, पण माणसाला वाचायला महिन्याचं नाव अक्षरांत बरं. शिवाय ‘18पर्यंत’ म्हणजे 18ला मी जागेवर आहे की नाही? त्यापेक्षा ‘सोमवार, 21 सप्टेंबरला परत येईन’ लिहिलं की वाद मिटतो.

फोन नंबर बोलताना तर आकडे सुटे सुटेच म्हणावेत. फ्रेंचमध्ये 97 म्हणजे चार-विसा-दहा-सात. ऐकणारा 80 लिहून बसतो आणि पुढे खाडाखोड करतो. आपला ‘सत्त्याण्णव’ही नवख्याला उलटाच लिहायला लावतो, तेव्हा हसण्यात अर्थ नाही. नऊ, सात, सावकाश, आणि नंबर दोनदा.

आता सगळ्यात नाजूक भाग. ‘तातडीचं असल्यास अमुक यांच्याशी बोला’ हे आपण दोन्ही भाषांत सांगतो, पण त्या अमुकला फ्रेंच येतं का? येत नसेल, तर आपल्या सुरेख फ्रेंच निरोपानं माणसाला बंद दारापर्यंत नेऊन सोडलेलं असतं. अशा वेळी इंग्रजी भागात एकाचं नाव द्यावं, फ्रेंच भागात दुसऱ्याचं, आणि दोघांना आधी विचारावं. हे विचारणं बहुतेक जण विसरतात.

आउटलुकमध्ये कचेरीतल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी वेगळी उत्तरं ठेवता येतात. आतल्यांना गणपती, पुणं, मोदक, काय हवं ते सांगा. बाहेरच्यांना फक्त तारखा आणि पर्यायी माणूस. घर रिकामं आहे हे अनोळखी माणसाला कळवायची गरज नाही. तिथे सुरुवातीची आणि शेवटची वेळ भरली की उत्तर आपोआप बंदही होतं. आमच्या फोनवरचा निरोप मात्र हातानं बदलेपर्यंत तसाच राहतो. दिवाळी आली तरी ‘मी 18 सप्टेंबरपर्यंत रजेवर आहे’ असं दोन भाषांत, अगदी अदबीनं सांगणारे फोन आमच्या मजल्यावर आहेत. म्हणून 21 तारखेच्या सकाळी नऊची नोंद मी निघण्याआधीच कॅलेंडरवर टाकते: आधी फोनचा निरोप, मग चहा.