सांगलीचं सिव्हिल ‘आर’मध्ये नव्हतंच

मी तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. ग्रामसभेत एकाने विचारलं, “सरकार आपल्या जिल्ह्यात शाळा नि दवाखान्यांवर नेमके किती पैसे टाकतं?” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढच्या सभेला सांगते म्हणून मी घरी आले आणि राज्याच्या अर्थसंकल्पातल्या अनुदान मागण्या, म्हणजे प्रत्येक खात्याच्या खर्चाची पुस्तकं, उघडून बसले.

पहिल्या दोन संध्याकाळी वाया गेल्या. मी शालेय शिक्षणाच्या पीडीएफमध्ये ‘सांगली’ शोधत होते आणि काहीच सापडत नव्हतं. पुस्तकाचा टंक जुना असल्यामुळे मराठी शब्द शोधला जात नसेल, असं आधी वाटलं. म्हणून आकड्यांवर आले. प्रत्येक प्रकारच्या खर्चाला चार आकडी क्रमांक असतो, तो म्हणजे मुख्य शीर्ष. शिक्षणाचं 2202, आरोग्याचं 2210. आकडे लगेच सापडायला लागले, पण आता भलतंच झालं. जिथे 2202 दिसेल ती रक्कम मी बेरजेत घेत गेले, आणि त्यात महाविद्यालयं, विद्यापीठं सगळी आली.

मग जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, ओळखीतले एक लेखाधिकारी काका विश्रामबागेत राहतात, त्यांच्याकडे गेले. छापून नेलेल्या पानावर त्यांनी पट्टी ठेवली आणि पेन्सिलने एकच ओळ दाखवली.

“शीर्ष नंतर बघ. आधी मागणीचं अक्षर बघ. अक्षर म्हणजे खातं. ई म्हणजे शालेय शिक्षण, आर म्हणजे सार्वजनिक आरोग्य, एस म्हणजे वैद्यकीय शिक्षण. 2202 उच्च शिक्षणाच्या मागणीतही असतं, पण तिथे त्याच्या खाली 03 येतं. तुला हवंय ते 01, प्राथमिक शिक्षण. 02 माध्यमिक.”

दुसरी चूक त्यांनीच पकडली. रकाने रुपये हजारांत असतात. 12,34,56 असं छापलेलं मी बारा लाखांच्या घरात वाचलं होतं. शेवटची तीन शून्यं काढून टाकलेली असतात, त्यामुळे ते 12 कोटी 34 लाख 56 हजार झाले. स्वल्पविराम त्याच जागी राहतात, म्हणून डोळा फसतो. ही ताकीद मी आता प्रत्येकाला देते, कारण असा एक आकडा सभेत चुकला तर पुढचं कुणी ऐकत नाही.

ई-2, म्हणजे शालेय शिक्षणाची दुसरी मागणी, तिच्यात 2202, 01 च्या खाली 103 आहे: स्थानिक संस्थांना साहाय्य. आमच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार इथूनच येतो. ओळीच्या शेवटी 36 हा उद्दिष्टाचा, म्हणजे पैसा कशासाठी ते सांगणारा आकडा: सहायक अनुदान (वेतन). वेतनेतर खर्चाला 31. पण ही रक्कम राज्यातल्या सगळ्या जिल्हा परिषदांची मिळून असते, सांगलीची वेगळी नाही. मी शब्द चुकीचा टाकत नव्हते. तो शब्द तिथे नव्हताच.

आरोग्याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. आर-1 मध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाचा खर्च, प्राथमिक आरोग्य केंद्रांसकट, आहे. मी सांगलीचं सिव्हिलही त्यातच धरलं होतं. काका म्हणाले, “अगं, सिव्हिल मिरजेच्या मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. ते एसमध्ये शोध.” म्हणजे गावातला रुग्ण उपकेंद्रातून आरोग्य केंद्रात जातो तोवर पैसा एका खात्याचा, आणि तोच माणूस सिव्हिलला पोचला की दुसऱ्या खात्याचा. शीर्ष दोन्हीकडे 2210च. नुसता आर धरला तर जिल्ह्यातलं एक मोठं सरकारी उपचारकेंद्र हिशेबातून गळतं, आणि ते गळल्याचं कळतही नाही, कारण बेरीज बरोबरच येते.

जिल्ह्याचं नाव अखेर नियोजन विभागाच्या, म्हणजे ओ अक्षराच्या मागण्यांत आहे. तिथे प्रत्येक जिल्ह्याच्या योजनेची स्वतंत्र मागणी असते. वर्गखोल्यांची दुरुस्ती, आरोग्य केंद्रांची कामं अशी रक्कम त्यात येते. हे एकूण खर्चातलं लहान अंग आहे. पगार त्यात नसतात. जिल्हा योजनेचा आकडा जिल्ह्याचा पूर्ण खर्च म्हणून सांगितला तर ते खोटं ठरेल.

रकाने मी अजून काळजीने वाचते. 2025-26 च्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्च 2023-24 चा असतो, मध्ये 2024-25 चा मूळ आणि सुधारित अंदाज, शेवटी 2025-26 चा अंदाज. मूळ आणि सुधारित शेजारी ठेवले की वर्षाच्या मध्यात कुठल्या ओळीला वाढ मिळाली, कुठली कापली गेली, ते दिसतं. आणि रकान्यात नुसता 1 दिसला तर तो एक हजार रुपये, लाक्षणिक तरतूद: ओळ चालू ठेवली आहे, पैसा अजून नाही.

सभेत मी एकाच आकड्यावर भागवलं नाही. तीन सांगितले: ई-2 ची राज्यभराची ओळ, एसमधली सिव्हिलची, आणि सांगलीच्या जिल्हा योजनेतले 2202 नि 2210. ज्याचा आकडा पुस्तकात नाही, ते माहितीच्या अधिकारात विचारलं आहे: 2202, 01, 103 खाली 36 आणि 31 मधून सांगली जिल्हा परिषदेला मागच्या वर्षी किती रक्कम वितरित झाली, आणि तासगाव पंचायत समितीकडे किती आली.