पहिले तीन आकडे आणि जहाजाचा झेंडा : गच्चीवरच्या एआयएस नोंदी

मागच्या नोंदीत अँटेना कठड्यावरून पाण्याच्या टाकीवर हलवल्याचं लिहिलं होतं. तेवढ्या उंचीनंही बराच फरक पडला. मुंबई बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेली जहाजं आता अलिबागच्या गच्चीवरून नियमित ऐकू येतात, म्हणजे एआयएसवरून, जहाजं आपली ओळख आणि स्थान रेडिओवरून कळवत राहतात त्या यंत्रणेतून. या खेपेला मात्र अँटेना बाजूला ठेवून एमएमएसआय क्रमांकाच्या, म्हणजे जहाजाच्या रेडिओवरच्या ओळख क्रमांकाच्या, पहिल्या तीन आकड्यांबद्दल लिहितोय, कारण गेले तीन आठवडे मी त्यांच्यामागेच लागलोय.

जहाजाचं नाव, कॉल साइन आणि आयएमओ क्रमांक ज्यात असतात तो पाचव्या प्रकारचा संदेश सहा मिनिटांतून एकदाच येतो. तो लांबही असतो, त्यामुळे दूरच्या जहाजाचा तो धड पोचतोच असं नाही आणि अर्धवट पोचला तर डीकोडर टाकून देतो. चालत्या जहाजाच्या स्थानाचे छोटे संदेश मात्र काही सेकंदांच्या अंतरानं येत राहतात आणि त्या प्रत्येकात नऊ आकडी एमएमएसआय असतो; जहाज कुठे नोंदलंय ते त्याच्या पहिल्या तीन आकड्यांवरून कळतं. म्हणजे क्षितिजापलीकडच्या जहाजाबद्दल सगळ्यात आधी कळते ती त्याची नोंदणी. नाव नंतर कळतं, कधी कधी कळतही नाही.

हे तीन आकडे नेमके कुठून येतात ते एकदा हातानं काढून बघावं म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. खालची ओळ माझ्या रिसीव्हरची नाही. एआयएस शिकवताना नमुना म्हणून सर्रास वापरली जाते तीच घेतलीय, म्हणजे कुणालाही पडताळता येईल.

```
!AIVDM,1,1,,B,177KQJ5000G?tO`K>RA1wUbN0TKH,0*5C
```

`177K` पासून पुढे प्रत्येक अक्षरात सहा बिट असतात. अक्षराच्या आस्की क्रमांकातून ४८ वजा करायचे; उत्तर ४० च्या वर गेलं तर आणखी ८ वजा करायचे. आपल्याला लागणाऱ्या सात अक्षरांत ती वेळ येत नाही. पहिले सहा बिट म्हणजे संदेशाचा प्रकार, पुढचे दोन म्हणजे तो पुन्हा किती वेळा पाठवला गेला, आणि त्यानंतरचे तीस बिट म्हणजे एमएमएसआय.

```
1   000001
7   00|0111
7   000111
K   011011
Q   100001
J   011010
5   00|0101

0111000111 0110111000 0101101000 = 477553000
```

उभी रेघ जिथे आहे तिथे अक्षर मधोमध तुटतं. दुसऱ्या अक्षराचे पहिले दोन बिट आपले नाहीत आणि सातव्या अक्षराचे फक्त पहिले दोन बिट आपले. त्याच `5` चे उरलेले चार बिट, 0101, म्हणजे ५, हे जहाजाची स्थिती सांगतात : धक्क्याला बांधलेलं. एकाच अक्षराच्या पोटात एमएमएसआयचं शेपूट आणि स्थितीचं डोकं, हे कागदावर उतरलेलं पाहताना मला फार आनंद झाला. डीकोडर हे सगळं क्षणात करतो, पण एकदा हातानं केलं की पुढे कुठे गडबड होऊ शकते ते नीट कळतं.

क्रमांक निघाला ४७७५५३०००. त्यातले ४७७ हे हाँगकाँगचे. पहिला आकडा साधारण प्रदेश सांगतो : २ युरोप, ३ उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन, ४ आशिया, ५ ओशनिया आणि आग्नेय आशिया, ६ आफ्रिका, ७ दक्षिण अमेरिका. भारताचे आकडे ४१९. या तिघांना एमआयडी म्हणतात आणि ते आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, वाटून देतो. आता याच संदेशातलं स्थान काढलं तर ते निघतं सिअ‍ॅटलचं. जहाज कुठे आहे याच्याशी एमआयडीचा काही संबंध नाही हे एवढ्यावरूनच दिसतं.

हाँगकाँगवर मी थोडा अडलो. चीनचे एमआयडी ४१२, ४१३ आणि ४१४ आहेत आणि हाँगकाँगचा वेगळा. उलट आयल ऑफ मॅनची स्वतःची नोंदणी आहे, पण तिथली जहाजं ब्रिटनचेच २३२ किंवा २३५ वापरतात. पोर्तुगालचा २६३, तर मदेराचा २५५, आणि झेंडा दोन्हीकडे पोर्तुगालचाच. म्हणून माझ्या यादीत 'देश' हा रकाना होता त्याचं नाव बदलून मी 'नोंदणी' केलं आणि झेंड्यासाठी शेजारी वेगळा रकाना काढला. ज्यांनी यादी नुकतीच करायला घेतलीय त्यांनी हे सुरुवातीलाच करून टाकावं, नंतर फार निस्तरावं लागतं.

नोंदणी म्हणजे मालकी नव्हे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी 'एव्हर गिव्हन'चं उदाहरण मी पुन्हा मांडतो. २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं हे जहाज. एमएमएसआय ३५३१३६०००, म्हणून नोंदणी पनामाची. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, आणि जहाजावरचे २५ जण सगळे भारतीय. एमआयडी यातलं फक्त पनामा सांगतो. कायद्यानं जहाज कुणाच्या अखत्यारीत आहे याचं उत्तर त्यातून मिळतं, बाकीची माहिती दुसरीकडूनच आणावी लागते.

पनामाकडे ३५१ ते ३५७ आणि ३७० ते ३७४ असे तब्बल बारा एमआयडी आहेत. तीन आकडे झाले की मागे सहा उरतात, म्हणजे एका एमआयडीत दहा लाख क्रमांक मावायला हवेत. मग बारा कशाला? उत्तर वरच्या दोन्ही क्रमांकांच्या शेपटात आहे : तीन शून्यं. इन्मारसॅटच्या जुन्या उपग्रह सेवांत टर्मिनलचा क्रमांक एमएमएसआयपासूनच तयार व्हायचा. इन्मारसॅट-सी असेल तर आधी ४, मग एमएमएसआयचे पहिले सहा आकडे आणि शेवटी दोन आकडे टर्मिनलसाठी. त्यात सहाच आकडे मावत असल्यानं अशा जहाजांना शेवटी तीन शून्यं असलेला क्रमांक द्यायची पद्धत पडली. मग एका एमआयडीत उरतात फक्त हजार जहाजं. हजारो जहाजं नोंदवणाऱ्या पनामाला एक एमआयडी कसा पुरणार? पुढे ही सक्ती सैल झाली. २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या पुलावर आदळलेल्या 'डाली'चा क्रमांक ५६३००४२०० असा, म्हणजे सिंगापूरची नोंदणी आणि शेवटी दोनच शून्यं. आता मी नोंदी चाळताना शेपूटही बघतो.

माझ्या यादीत मध्यंतरी एक भारतीय 'जहाज' असं शिरलं की त्याला वेग नाही, दिशा नाही आणि एमएमएसआय सातच आकडी, ४१९ पासून सुरू होणारा. ते जहाज नव्हतंच, किनारा-स्थानक होतं. किनारा-स्थानकाचा क्रमांक दोन शून्यांनी सुरू होतो आणि एमआयडी त्यानंतर येतो. माझ्या स्क्रिप्टनं एमएमएसआय संख्या म्हणून साठवला, पुढची शून्यं गळाली, आणि 'पहिले तीन' काढल्यावर ४१९ च हाती आलं. देश बरोबर आल्यामुळेच चूक दोन आठवडे लक्षात आली नाही. ९९ नं सुरू होणारे बोये आणि दीपस्तंभ, ९८ नं सुरू होणाऱ्या मोठ्या जहाजाच्या लहान बोटी, १११ ची शोध-बचाव विमानं आणि ८ नं सुरू होणारे हातातले व्हीएचएफ संच यांच्यातही एमआयडी आत सरकलेला असतो. ९७० सारख्या आपत्कालीन उपकरणांच्या क्रमांकात तर तो नसतोच. सुधारलेला तुकडा असा :

```python
def mid(mmsi):
    s = str(mmsi).zfill(9)
    if s[:2] in ("00", "98", "99"):
        return s[2:5]
    if s[:3] == "111":
        return s[3:6]
    if s[0] == "8":
        return s[1:4]
    if s[0] in "234567":
        return s[:3]
    return None
```

यातून निघालेला एमआयडी आयटीयूच्या यादीत आहे का हे त्यानंतर वेगळं तपासायचं. याचा फायदा लगेच दिसला. 1193046 हा क्रमांक बऱ्याच जणांच्या नोंदीत सापडेल. शून्यं भरली की तो 001193046 होतो आणि किनारा-स्थानकासारखा दिसतो, पण ११९ असा एमआयडी असूच शकत नाही, कारण एमआयडी २ ते ७ नंच सुरू होतात. हा क्रमांक म्हणजे सोळाच्या पायातला 123456. उपकरणात खरा क्रमांक भरायचाच राहून गेलाय, एवढाच त्याचा अर्थ.

क्रमांक माणूसच भरतो, म्हणून नुसत्या एमआयडीवर मी आता थांबत नाही. पाचव्या प्रकारचा संदेश मिळाला की कॉल साइन बघतो, कारण तिची सुरुवातीची अक्षरंही देशानुसार ठरलेली असतात. 'एव्हर गिव्हन'ची H3RC, आणि H3 पनामाचंच, म्हणजे ३५३ शी जुळतं. सिंगापूरचं 9V, मार्शल बेटांचं V7, हाँगकाँगचं VR. त्यानंतर आयएमओ क्रमांक. तो जहाजाला जन्मभर एकच असतो आणि त्याचा शेवटचा आकडा तपासणीचा असतो. 'डाली'चा ९६९७४२८ घ्या. पहिल्या सहा आकड्यांना ७ पासून २ पर्यंत क्रमानं गुणायचं : ६३, ३६, ४५, २८, १२, ४. बेरीज १८८, तिचा शेवटचा आकडा ८, आणि क्रमांकाचाही ८.

गेल्या आठवड्यात याचा उपयोग झाला. एक तेलवाहू जहाज आधी ५३८ नं, म्हणजे मार्शल बेटांच्या क्रमांकानं, नोंदलं होतं. मग चार दिवस काहीच नाही. नंतर त्याच भागात ६३६ चं, म्हणजे लायबेरियाचं, 'नवं' जहाज आलं. नाव वेगळं, पण आयएमओ तोच आणि कॉल साइन अजून V7 नं सुरू होणारी. झेंडा बदलला की एमएमएसआय बदलावाच लागतो, कॉल साइनही. इथे एक बदलली आणि दुसरी भरायची राहिली होती. दोन दिवसांनी A8 नं सुरू होणारी कॉल साइन यायला लागली आणि हिशोब जुळला. माझ्या यादीनं त्या एका जहाजाची दोन जहाजं केली होती, म्हणून आता मुख्य नोंद आयएमओवर ठेवलीय आणि एमएमएसआयला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने जोडलेत.

असाच प्रश्न आपत्कालीन बीकनचाही आहे. ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन पाठवतो त्या संदेशात देशासाठी हेच तीन आकडे असतात. झेंडा बदलून बीकन तसाच राहिला तर संकटाच्या वेळी विचारणा जुन्या देशाच्या नोंदवहीकडे जाते. ते आपल्याला गच्चीवरून ऐकू येत नाही, पण त्या V7 वाल्या जहाजाच्या दोन दिवसांत मला राहून राहून त्याच्या बीकनची आठवण येत होती.

अजून तीन जहाजांचे एमआयडी आणि कॉल साइन जुळत नाहीत. त्यातल्या दोघांचा आयएमओ क्रमांक शून्य येतोय, म्हणून ती आयएमओ क्रमांक न लागणारी लहान जहाजं आहेत का हे आधी लांबी-रुंदीवरून तपासतोय. तिसरं काल रात्रीपासून पुन्हा ऐकू येतंय.