माया – स्त्री.

"तुमची ती आईच्या ब्लाउजची कविता कोशातल्या नोंदीसारखी सुरू होते. असं कोशातल्या अर्थावरून कविता लिहिताना नेमकं काय करता? आणि इतक्या रुक्ष व्याख्येवरून एकदम घरातल्या गोष्टीवर कशा येता?"

आधी एक सांगते. मोठ्या शब्दाचा मोठा अर्थ मी घेत नाही. 'माया' म्हटलं की पहिल्यांदा वेदान्त समोर येतो, मग ममता, मग 'नोकरीत बरीच माया जमवली' यातला पैसा. वेदान्ताच्या वाटेनं गेलं की कवितेचं कीर्तन होतं. ममतेच्या वाटेनं गेलं की पुढची ओळ वाचणाऱ्यालाच आधी सुचते. मला हवी होती शिंप्याची माया, शिवणीच्या आत सोडतात ते कापड. 'आत जरा माया ठेवा हो' असं शिवायला टाकताना आपण सगळेच म्हणतो. सगळ्यांत लहान, सगळ्यांत कमी भाव असलेला अर्थ घ्यायचा, एवढा एक नियम मी पाळते. मोठे अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यात असतातच, ते आपण होऊन येतात.

कोश मी चाळते तो यासाठीच. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 ते 1938 या काळात सात विभागांत निघाला. त्यात एकेका शब्दाखाली निरनिराळ्या व्यवसायांतले आणि भागांतले वापर, वाक्प्रचार, म्हणी असं बरंच काही दाटीवाटीनं बसलेलं असतं. पहिल्या अर्थावर मी थांबत नाही. नोंदीच्या शेपटाकडे जाते, कारण कामाच्या माणसांचे अर्थ बहुधा तिथे सापडतात. नोंद मात्र तिथून उचलत नाही. तो घाट डोळ्यांत भरून घेते आणि माझी मी लिहिते. या कवितेच्या पहिल्या तीन ओळी अशा आहेत:

माया – स्त्री. (शिवणकाम) शिवणीच्या आत
राखून ठेवलेलं जादा कापड.
बाहेरून दिसत नाही.

यात विशेषण एकच, 'जादा', आणि तेही मोजमापाचं. तुम्ही विचारता की इथून घरात कशी येते, तर दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या दोन शब्दांतून. 'राखून ठेवलेलं'. कुणी राखलं? कोश ते सांगत नाही, त्याचं ते कामच नाही. त्याच्या वाक्यांत सगळं 'केलेलं', 'ठेवलेलं', 'वापरलेलं' असतं आणि करणारं माणूस कुठेच नसतं. व्याख्येतलं असं निनावी क्रियापद शोधायचं आणि त्याला कर्ता द्यायचा. माझ्या बाबतीत कर्ता तयारच होता. आई सांगलीत घरी ब्लाउज शिवायची.

कर्ता मिळाला की लगेच त्याच्याबद्दल हळवं लिहू नये. आधी काम बघावं. छाती चौतीस असेल तर आई तिचा चौथा भाग काढायची, साडेआठ. त्यात थोडं सैलपणासाठी आणि वर दीड इंच मायेसाठी. बाजूच्या शिवणी दोन, प्रत्येकीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर, म्हणजे कापड चार ठिकाणी राखलेलं. पुढे अंग भरलं आणि चारही ठिकाणी एकेक इंच सोडला, तर घेर चार इंचांनी वाढतो आणि टीप मारायला अर्धा इंच तरीही उरतो. हा हिशेब ती तोंडी करायची. उसवायला अर्धं ब्लेड. टू बाय टूचा ब्लाउज वर्षभर धुतलेला असला, तर उसवल्यावर आतून गडद रंगाची पट्टी निघते आणि जुन्या टिपेची भोकं ओळीनं दिसतात. सुती कापडाची भोकं धुण्यात बरीचशी बुजतात, रेशमाची राहतात. म्हणून रेशमी ब्लाउज सैल करायला आला की ती आधी गिऱ्हाइकाला भोकं दाखवायची, मगच ब्लेड लावायची.

यातलं कवितेत किती जातं? फार थोडं. पण हे सगळं समोर मांडल्याशिवाय कुठली ओळ उचलायची ते कळत नाही. मी ही उचलली:

मापाच्या चौथ्या भागात आई
दीड इंच मिळवायची.
'बाळंतपणानंतर लागेल', म्हणायची,
आणि खडू ओढायची.

इथपर्यंत फक्त चित्र आहे, गोष्ट अजून झालेली नाही. गोष्ट व्हायला व्याख्येत काहीतरी उलटावं लागतं. माया सोडतात ती पुढे अंग वाढेल या हिशेबानं. पण आईच्या आजारपणात अंग वाढलं नाही, उतरलं. तिनं स्वतःचे ब्लाउज काढले आणि शिवणी आत घ्यायला सुरुवात केली. आत घेतलेलं कापड कापून टाकलं नाही, कारण शिवणारी माणसं आतलं कापड सहसा कापून टाकत नाहीत. म्हणजे दर वेळी आतली पट्टी रुंद होत गेली. हे मला काही सुचलेलं नाही, ते शिवणकामाचं साधं गणित आहे. बाहेरचं माप जेवढं कमी, तेवढं आतलं कापड जास्त. कविता तिथे वळली:

त्या वर्षी तिनं स्वतःचे ब्लाउज आत घेतले.
बाहेर अंग उतरत गेलं,
आत कापड साठत गेलं.

या ओळींत 'माया' हा शब्द नाही, आणि तो नसणंच सगळ्यांत महत्त्वाचं. 'आत आईची माया साठत गेली' असं लिहायचा मोह कुणालाही होईल. लिहिलं की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही. शब्द एकदा पहिल्या ओळीत आला की मी तो पुन्हा येऊ देत नाही. तो मागे राहतो आणि त्याचे बाकीचे अर्थ पुढच्या ओळींवर आपोआप पडतात.

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या अशा कवितांत दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक म्हणजे अर्थ क्रमांक 1 ला एक कडवं, 2 ला एक, 3 ला एक. दुसऱ्या कडव्यावरच चाल समजते आणि तिसरं नुसतं उरकावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे व्याख्या फक्त तोरणासारखी वर टांगलेली. ओळखायचं कसं? वरच्या व्याख्येवर हात ठेवून खालची कविता वाचा. काहीच कमी पडलं नाही, तर व्याख्या काढून टाका. माझ्या कवितेत ती झाकली तर शेवटच्या दोन ओळी नुसत्या आजारपणाच्या नोंदी होतात, म्हणून ती ठेवली. इतर काही कवितांत ती फक्त लिहिताना लागली आणि छापताना गेली. विहिरीवरच्या माझ्या कवितेची सुरुवात 'रहाट' या शब्दाच्या नोंदीतून झाली होती, हे ती वाचून कुणालाही कळणार नाही. त्यात काही बिघडलं नाही.

कोशाची खूणगाठ दाखवायला मी एखादंच संक्षेपचिन्ह ठेवते, स्त्रीलिंगासाठीचं 'स्त्री.' किंवा लाक्षणिक अर्थासाठीचं '(ल.)'. सगळीच वापरली की विडंबन होतं, आणि विडंबनानं सुरू झालेली कविता खाली आजारपणाला पोचेपर्यंत वाचणाऱ्याचा चेहरा हसराच राहतो.

राहता राहिला प्रश्न कोशातली नोंद जशीच्या तशी घ्यायची की नाही हा. घ्या, पण मग एक अक्षर बदलू नका आणि खाली कोशाचं नाव द्या. बदलायची असेल तर माझ्यासारखी स्वतःची लिहा आणि कुठल्याही कोशाचं नाव तिच्यावर घालू नका.